मंगळवारच्या दुपारचं काय? लवकर निवृत्त होण्याआधी दिवसांची तयारी

2022 च्या जुलैमध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी मी नोकरी सोडली. पुण्यात स्वतःचं घर, कर्ज फिटलेलं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढलेले आणि उरलेली गंगाजळी अडीच कोटींची. घरखर्च महिन्याला 60 हजार, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार. गंगाजळीच्या साधारण 2.9 टक्के. बाजार 40 टक्के पडला तर काय, महागाई 8 टक्क्यांवर राहिली तर काय, असं सगळं एक्सेलमध्ये घालून पाहिलं होतं. हिशेब टिकत होता.

आठ महिन्यांनी वही उघडून बसलो तेव्हा खर्च महिन्याला 82 हजारांवर गेलेला होता. त्यात बाजाराचा काही संबंध नव्हता. दुपारी बाहेरून मागवलेलं खाणं, दोनदा वापरून कपाटात गेलेला कॅमेरा, अर्धवट सोडलेले तीन ऑनलाइन कोर्स आणि घरात बसवत नाही म्हणून काढलेल्या चार सहली. 82 हजार म्हणजे वर्षाला 9 लाख 84 हजार, गंगाजळीच्या 3.9 टक्के. मी उलटा हिशेब केला. खर्च 60 हजारच राहून हा दर 3.9 वर यायचा, तर अडीच कोटींचे 1 कोटी 83 लाख व्हावे लागले असते. म्हणजे नुसत्या कंटाळ्याने माझ्या योजनेवर 27 टक्क्यांच्या पडझडीएवढा ताण आणला होता. पडलेला बाजार पुढेमागे वर येतो. अंगवळणी पडलेला खर्च खाली आणायला फार कष्ट पडतात.

लवकर निवृत्तीचा विचार करणाऱ्यांना मी म्हणून आधी दिवसांबद्दल विचारतो, पैशांबद्दल नंतर. पैशांचं बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता तुम्ही कुठे असाल, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

मोकळा वेळ माणसाला काय करतो

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गिरणीगाव होतं. 1930 च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी या गावाचा अभ्यास करून तो 1933 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार जवळच्या वाटल्या. एक म्हणजे, लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली. दुसरी अशी की पुरुषांना दिवसभरात काय केलं हे लिहून द्यायला सांगितलं, तर दोन-तीन नोंदींच्या पुढे त्यांना आठवेना. ते रस्त्यातून रेंगाळत चालत, मध्येच थांबत. बायका मात्र झपझप चालत, कारण नोकरी गेली तरी घरचं काम त्यांच्यामागे होतंच.

ती माणसं गरीब होती आणि त्यांच्यावर वेळ लादला गेला होता. आपण आपल्या मर्जीने बाहेर पडतो, पोटापाण्याची चिंता नसते, हा फरक मोठा आहे. पण याहोदाने पुढे जे मांडलं ते आपल्यालाही लागू पडतं. पगाराशिवाय नोकरी पाच गोष्टी देते, असं ती म्हणते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, एकट्याने होणार नाही अशा कामात वाटा, चारचौघांत ओळख आणि रोज हातपाय हलवायला कारण. राजीनामा दिला की पगाराबरोबर या पाचही गोष्टी एकाच दिवशी बंद होतात. पगाराची सोय आपण पंधरा वर्षं करत असतो. बाकीच्या पाचांची सोय सहसा झालेलीच नसते.

पहिली पायरी: नोकरीत असतानाच दोन आठवड्यांची वही

साधी दोनशेपानी वही घ्या. रोज रात्री पाच मिनिटं बसून तीन रकाने भरा: किती वाजता, काय केलं आणि ते कोणामुळे सुरू झालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ठाण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने, वय वर्षं 44, ही वही भरली. त्याच्या एका बुधवारी नऊ नोंदी होत्या. त्यातल्या सात दुसऱ्या कोणीतरी सुरू केलेल्या: साहेबांचा फोन, साडेदहाची मीटिंग, ज्युनियरची अडचण, जेवायला हाक मारणारा टेबलावरचा गट, पाच वाजताचा चहा. त्याने आपणहून सुरू केलेल्या गोष्टी दोनच, सकाळचा फेरफटका आणि रात्रीच्या बातम्या. तो स्वतःला फार शिस्तीचा माणूस समजत असे. वही पाहून म्हणाला, "अरे, ही शिस्त माझी नाहीच. कंपनीची आहे."

बहुतेकांच्या वहीत असंच निघेल आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. निवृत्तीनंतर कशाची भरपाई करायची आहे, याची यादी तुमच्या हाती आलेली असते.

दुसरी पायरी: सराव-रजा

राजीनाम्याआधी किमान वर्षभर, साठलेल्या अर्जित रजेतून सलग चार आठवडे घ्या आणि ते घरी काढा. चारच का, तर पहिले दहा-बारा दिवस नुसती विश्रांती असते आणि ती गोडच लागते. कपाटं आवरली जातात, गळका नळ दुरुस्त होतो, राहिलेली झोप भरून निघते. दोन आठवड्यांची रजा घेणाऱ्याला म्हणूनच निवृत्ती स्वर्गासारखी वाटते. खरं चित्र तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतं.

काही पथ्यं पाळायची. गावाला जायचं नाही, सहल काढायची नाही. खर्च निवृत्तीच्या बजेटप्रमाणेच करायचा. ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवायचे. दिवाळीत किंवा मे महिन्यात ही रजा घेऊ नका. तेव्हा घर भरलेलं असतं आणि परीक्षा होतच नाही. फेब्रुवारी किंवा जुलै बरा. सगळे आपापल्या कामाला गेलेले असतात आणि घर खरोखर रिकामं असतं.

रोज रात्री तीन आकडे लिहा: आंघोळ किती वाजता झाली, गुंतवणुकीचं ॲप कितीदा उघडलं आणि घराबाहेरच्या किती माणसांशी समोरासमोर बोलणं झालं. आंघोळीचा आकडा किरकोळ वाटेल, पण दिवसाचा आकार सुटायला लागला की तो सगळ्यात आधी सांगतो. माझ्या त्या सहकाऱ्याची आंघोळ पहिल्या आठवड्यात साडेसातला होती. दुसऱ्या आठवड्यात नऊला गेली. तिसऱ्या मंगळवारी वहीत नोंद आहे: अकरा चाळीस. त्याच दिवशी ॲप चौदा वेळा उघडलं होतं आणि बाहेरची माणसं एक, तीही दारात आलेला कुरिअरवाला. चौथ्या आठवड्यात त्याने स्वतःच ऑफिसात फोन करून विचारलं, काम कसं चाललंय.

त्याने राजीनामा वर्षभर पुढे ढकलला. पैसे कमी पडत होते म्हणून नव्हे, दिवस रिकामे होते म्हणून. ते वर्ष त्याने पुढच्या पायरीत घालवलं. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला तो सर्वात शहाणपणाचा निर्णय होता. नोकरी हातात असताना चूक दुरुस्त करायला काहीच लागत नाही.

मी स्वतः हे केलं नव्हतं. त्यामुळे माझा सराव नोकरी सोडल्यानंतर झाला आणि महिन्याला 22 हजारांना पडला.

तिसरी पायरी: वेळापत्रकाऐवजी खुंट्या

नोकरी सुटल्यावर पहिला मोह होतो तो वेळापत्रक आखण्याचा. सहा ते सात योग, सात ते आठ वाचन, दहा ते बारा गिटार. मीही आखलं होतं, रंगीत पेनांनी. तीन आठवड्यांत ते मोडलं, कारण मी गिटार घेतली नाही तर कोणाचंच काही अडत नव्हतं.

म्हणून आठवड्याला आधी खुंट्या ठोका. खुंटी म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी असं काम, जिथे कोणीतरी तुमची वाट पाहत असतं. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही न सांगता गेला नाहीत, तर अर्ध्या तासात फोन येतो का? येत असेल तर ती खुंटी. जिमची मेंबरशिप खुंटी होत नाही, जिमवाला फोन करत नाही. पण बॅडमिंटनचा चौथा गडी असाल, तर उरलेले तिघे नक्की करतील.

सुरुवातीला आठवड्याला तीन खुंट्या पुरतात. पाचापेक्षा जास्त नकोत, नाहीतर पुन्हा नोकरीच होते आणि ज्या मोकळेपणासाठी एवढं केलं तोच हरवतो. तीन खुंट्या नीट बसल्या की मधले दिवस आपोआप आकार घेतात. उद्या शिकवायला जायचं तर आज तयारी करावी लागते, परवा टेकडीवर जायचं तर आज वेळेवर झोपावं लागतं.

माझ्या खुंट्या सांगतो, म्हणजे अंदाज येईल. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चार ते सहा मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. पहिल्या महिन्यात सात मुलं होती. एकदा पावसामुळे गेलो नाही, तर पुढच्या वेळी एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही का नाही आलात? आम्ही भूमितीचं घेऊन बसलो होतो." त्यानंतर पावसाचं कारण मी कधी काढलं नाही. शनिवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर रोपांना पाणी घालणारा गट असतो. प्रत्येकाने पाच लिटरचा कॅन वर न्यायचा. फेब्रुवारी ते जून हे काम चुकवता येत नाही, कारण त्या महिन्यांत चुकलेलं पाणी म्हणजे गेलेलं रोप.

तिसरी खुंटी मंगळवार दुपारची. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, तिला मी शिडी म्हणतो. शिडी म्हणजे वर्षानुवर्षं पुरेल, पायरी पायरीने चढता येईल असं शिकणं. नोकरीत बढती मिळत असते, आपण पुढे जातोय असं वाटत असतं. ते वाटणं बंद झालं की माणूस आतून वाळतो. छंदांतले बरेच सहा महिन्यांत संपतात, म्हणून शिडी निवडताना एवढंच पाहायचं: पाच वर्षांनीही हिच्यात मी शिकाऊ असेन का?

मी मोडी लिपी घेतली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. त्यामुळे अक्षर ओळखलं तरी शब्द कुठे संपला हे अर्थावरून लावावं लागतं. मला अक्षरं सहा आठवड्यांत ओळखू यायला लागली. सलग कागद वाचायला वर्ष लागलं, आणि प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं असल्यामुळे अजूनही नवा कागद समोर आला की अर्धा तास नुसतं वळण समजण्यात जातो. मंगळवारी आम्ही तिघं बसतो, एकेक ओळ लावतो आणि अडलेल्या शब्दावर भांडतो. शिवाय हे कौशल्य कोणाच्या तरी उपयोगाचं आहे. लोकांच्या घरी जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मोडीत पडलेली असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांनीच पाहिलं. तुमची शिडी तबला असेल, संस्कृत असेल, पक्षीनिरीक्षण असेल. गुरू किंवा सोबती असावेत आणि शेवट नसावा, एवढं पुरे.

खुंट्या शोधताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे एखाद्या संस्थेत जाऊन "मी पूर्ण वेळ मोकळा आहे, काहीही सांगा" म्हणणं. संस्थेला त्याचं काय करायचं ते कळत नाही आणि तुम्ही महिनाभर पाकिटांवर पत्ते चिकटवत बसता. त्यापेक्षा "तीन महिने, दर सोमवारी, दोन तास, गणित" असं सांगा. तीन महिन्यांनी दोघांनाही सन्मानाने थांबता येतं. दुसरी चूक सोसायटीची. तुम्ही नोकरी सोडलीत हे कळताच सेक्रेटरीपद चालत येईल. पहिलं वर्ष ते घेऊ नका. पाण्याचा टँकर, पार्किंग आणि लिफ्टचं एएमसी यांत दिवस भरतो खरा, पण त्यातून ना सोबती मिळतात ना शिकणं. वाईटपणा मात्र मिळतो.

घरातल्यांचं वेळापत्रक

घर दिवसभर रिकामं नसतं, तिथे कोणाचा तरी दिनक्रम आधीपासून चालू असतो. माझी बायको घरून भाषांतराचं काम करते. दुसऱ्याच आठवड्यात तिने मला बसवून सांगितलं, "अरे, तू दर तासाला येऊन चहा घेणार का विचारतोस. प्रेमाने विचारतोस, पण माझं वाक्य तुटतं." तेव्हा आम्ही ठरवलं: दहा ते दीड हॉल तिचा. मी आतल्या खोलीत किंवा वाचनालयात. दुपारचा स्वयंपाक सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, पूर्ण, म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. 'मदत' हा शब्द काढून टाकला, कारण मदतीत काय करायचं ते दुसऱ्याला सांगत बसावं लागतं. हे बोलणं सराव-रजेतच उरकून घ्या.

नातेवाइकांचंही ठरवावं लागतं. "तू रिकामाच आहेस ना" म्हणत बँकेची कामं, आधारची दुरुस्ती, दवाखान्याच्या फेऱ्या तुमच्याकडे येतील. आईवडिलांचं दुखणंखुपणं आपलंच आहे, त्याला वार नसतो. बाकीच्यांसाठी मी बुधवार ठेवलाय. "बुधवारी येतो" म्हटलं की निम्मी कामं आपोआप होतात. आणि लग्नकार्यात "सध्या काय करता?" या प्रश्नाला "काही नाही, निवृत्त" असं उत्तर देऊ नका. समोरचा गप्प होतो आणि घरी येईपर्यंत ते आपल्याला टोचत राहतं. "दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, मोडी शिकतोय" हे खरंही आहे आणि त्यातून गप्पा पुढे सरकतात.

कंटाळा आणि डिमॅट खातं

रिकाम्या दुपारी सगळ्यात घातक चाळा ट्रेडिंगचा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालू असतो, अगदी ऑफिसच्या वेळेत, आणि आपण काहीतरी करतोय असं वाटायला लावतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झालेला दिसला. निवृत्त माणसाचा तोटा पुढच्या पगारातून भरून निघत नाही. निवृत्तीच्या गंगाजळीवर हा सेगमेंट बंदच ठेवा, ॲप फोनवरून काढा आणि तीन महिन्यांतून एकदा, ठरलेल्या तारखेला, लॅपटॉपवर पाहा.

खर्चासाठी मी वहीत एकच खूण करतो. खरेदी किंवा सहल हवी म्हणून केली तर काही नाही, कंटाळा आला म्हणून केली तर शेजारी 'कं'. महिनाअखेर 'कं'ची बेरीज. खुंट्या बसल्यावर माझी ही बेरीज 22 हजारांवरून पाच-सहा हजारांवर आली. एकूण खर्च 66 हजारांच्या आसपास स्थिरावला, म्हणजे 3.2 टक्के. मुद्दाम काटकसर अशी केली नाही.

दर तीन महिन्यांनी

गुंतवणूक पाहायची जी तारीख, तीच दिवस पाहायची. तेच तीन आकडे एक आठवडा पुन्हा लिहा. आंघोळ दहाच्या पुढे गेली असेल आणि बाहेरची माणसं रोज दोनच्या खाली आली असतील, तर एखादी खुंटी सैल झालीये. ती कोणती ते शोधून बदला. माझी टेकडीची खुंटी पावसाळ्यात निसटते, झाडांना पाणी लागत नाही. पहिल्या वर्षी ते लक्षात आलं नाही आणि जुलै-ऑगस्ट वाईट गेले. आता त्या दोन महिन्यांसाठी शनिवारी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जातो.

कंटाळा आणि आजार यांत गल्लत करू नका. कंटाळलेल्या माणसाला मित्र आला, चांगलं काम मिळालं की बरं वाटतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर खुंट्या बदलून भागत नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि पहिली दोन वर्षं परतीची वाट उघडी ठेवा. व्यवसायाचं एखादं प्रमाणपत्र नूतनीकरणाला आलं तर करून घ्या, जुन्या दोन-तीन सहकाऱ्यांना अधूनमधून भेटत राहा. ठाण्याच्या त्या मित्राने 2025 मध्ये अखेर नोकरी सोडली. आठवड्यातून दोन दिवस तो जुन्याच क्षेत्रातलं सल्ल्याचं काम करतो, तेही एक खुंटी म्हणून. बाकी दिवसांत तबला आणि बॅडमिंटन. परवा मंगळवारी साडेतीनला मी त्याला सहज फोन केला. त्याने घेतला नाही. संध्याकाळी मेसेज आला: क्लासला होतो.